समोर ९ रुपयांची पोळी आली, तेव्हा आपल्या १२ रुपयांचं काय करायचं

प्रश्न: मुलुंड पूर्वेला आई आणि मी पोळी-भाजी केंद्र चालवतो, ११ वर्षं झाली. घडीची पोळी १२ रुपये. रोज ९०० पोळ्या जायच्या. महिन्यापूर्वी रस्त्यापलीकडे नवीन केंद्र सुरू झालं, पोळी ९ रुपये. आता आमचा खप ७०० वर आलाय. भाडं-वीज सोडून आम्हाला पोळीमागे साडेचार रुपये खर्च येतो. आई म्हणते उंडा थोडा लहान करू, कुणाला कळणार नाही. मामा म्हणतात त्यांच्याशी बोलून दोघांनी एकच भाव ठेवा. मला वाटतं सरळ ९ करावेत. काय करू?

उत्तर:

मी पार्ल्यात १९९९ पासून पोळी-भाजीचं केंद्र चालवते. या काळात आमच्या गल्लीत आणि आसपास पाच-सहा केंद्रं आली, त्यातली दोन अजून आहेत आणि मीही आहे. तुमच्या आई सांगतायत ती चूक मी स्वतः करून बसले आहे, म्हणून जरा लांबच लिहिते.

मामांचं आधी सांगून टाकते, कारण त्यात विचार करण्यासारखं काही नाही. दोन स्पर्धकांनी बसून भाव ठरवणं हे २००२ च्या स्पर्धा कायद्यात बसत नाही. एवढ्याशा केंद्रासाठी कुणी दारात येणार नाही, हे मलाही कळतं. पण कायदा बाजूला ठेवला तरी तो माणूस आज ९ ला विकतोय ते गिऱ्हाईक ओढायला. तुमच्या शब्दाखातर तो १२ का करेल? उलट तुम्हाला धाक बसलाय हे त्याला कळेल. समोरासमोर भेटलात तर नमस्कार जरूर करा, सुटे पैसे मागायला आला तर द्या. भावाची गोष्ट काढू नका.

आता तुमचा स्वतःचा विचार, ९ रुपयांचा. तुम्ही दिलेल्या आकड्यांवरच बघू.

१२ रुपयांच्या पोळीत साडेचार खर्च, म्हणजे पोळीमागे साडेसात सुटतात. ९०० पोळ्यांचे ६,७५० रुपये रोज गल्ल्यात राहायचे, त्यातून भाडं, वीज, भांडी घासणाऱ्या बाईंचा पगार आणि तुमचं घर. आज ७०० पोळ्या जातात, म्हणजे ५,२५० राहतात. दिवसाला दीड हजाराचा फटका आहे. तो लहान नाही, रात्री झोप लागत नसेल हे मी समजू शकते.

पण भाव ९ केलात तर पोळीमागे साडेसातऐवजी साडेचारच सुटतील. गेलेलं सगळं गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत आलं, पूर्ण ९०० पोळ्या गेल्या, तरी हातात ४,०५० राहतील. आज २०० पोळ्या गमावून जे राहतंय त्याच्याही १,२०० ने कमी. आजच्या ५,२५० ची बरोबरी ९ रुपयांत करायची तर रोज जवळपास १,१७० पोळ्या विकाव्या लागतील. जुने ६,७५० हवे असतील तर दीड हजार.

दीड हजार पोळ्या तुमच्या ओट्यावर होतील का? माझ्याकडे एक मावशी लाटते आणि दुसरी भाजते, अशा जोडीच्या तासाला शंभर ते सव्वाशे घडीच्या पोळ्या होतात. घाई केली की पदर सुटत नाही. गिऱ्हाईक दिवसभर सारखं येत नाही, सकाळी दोन-अडीच तास आणि संध्याकाळी तेवढेच. म्हणजे अजून एक तवा, अजून दोन बायका आणि त्यांना उभं राहायला जागा. मुंबईतल्या गाळ्यात ती जागा कुठून आणायची?

या हिशोबातून एक आकडा काढून ठेवा, तो पुढे कामाला येईल. ९ रुपयांत ९०० पोळ्यांचे जे ४,०५० मिळतील, तेवढेच १२ रुपयांत ५४० पोळ्यांत मिळतात. म्हणजे खप ५४० पर्यंत घसरला तरी भाव न उतरवलेलाच बरा. आत्ता तुम्ही ७०० वर आहात. मधे १६० पोळ्यांची जागा आहे, तेवढा वेळ तुमच्याकडे आहे. माझ्यावर ही वेळ आली तेव्हा मी असा आकडा खडूने फ्रीजच्या बाजूला लिहून ठेवला होता, कारण संध्याकाळी दुकान रिकामं दिसलं की डोकं हिशोब विसरतं आणि हात भावाच्या पाटीकडे जातो.

हे गणित तुमच्या साडेचार रुपयांवर उभं आहे, म्हणून तो आकडा एकदा नीट तपासा. माझ्याकडे एक किलो कणकेत साधारण सहाशे मिली पाणी आणि थोडं तेल जातं, म्हणजे सोळाशे ग्रॅमच्या वर भिजवलेली कणीक होते. ४५ ग्रॅमचा उंडा धरला तर ३६ पोळ्या. दळणासकट पीठ ४५ रुपये किलो पडत असेल तर पोळीमागे पीठ सव्वा रुपया. तेल चार आणे. लाटणाऱ्या-भाजणाऱ्या मावशींना नगावर पैसे देत असाल तर मिळून दोन रुपयांच्या आसपास. १९ किलोचं सिलिंडर माझ्याकडे तीन हजार पोळ्या ओढतं, त्यावरून गॅसचे साठ पैसे. उरलेलं पिशवी-कागद आणि फुकट जाणाऱ्या पोळ्यांचं. बेरीज साडेचारच्या जवळ येते, म्हणजे तुमचा हिशोब बरा दिसतो. मावशी पगारावर असतील तर मात्र गणित बदलतं: खप घटला तरी पगार तोच राहतो, म्हणून प्रत्येक गेलेल्या पोळीचा फटका साडेसातहून मोठा असतो आणि वरचा ५४० चा आकडाही वाढतो. तेवढं स्वतः बसून मांडा.

या यादीकडे पुन्हा एकदा बघा, कारण आईंच्या सूचनेचं उत्तर त्यातच आहे.

पोळीच्या खर्चात सगळ्यात मोठा वाटा हाताचा. त्याच्यानंतर पीठ, मग गॅस. उंडा ४५ चा ४० ग्रॅम केलात तर किलोला ३६ ऐवजी ४१ पोळ्या होतील आणि पोळीमागे वाचतील १५ पैसे. लाटायला तेवढाच वेळ, भाजायला जवळपास तेवढाच गॅस. ७०० पोळ्यांवर दिवसाला १०५ रुपये. पीठ हलकं आणलंत, किलोमागे १० रुपये स्वस्त, तरी पोळीमागे २८ पैसेच वाचतात. फरक तीन रुपयांचा आहे आणि तो पिठातून भरून निघतच नाही. कितीही लहान केलीत तरी ९ रुपयांशी बरोबरी होणार नाही, फक्त पोळी बिघडेल.

ती कशी बिघडते तेही सांगते. २०१३ ची गोष्ट. माझी पोळी तेव्हा ६ रुपये होती आणि कोपऱ्यावरच्या नव्या केंद्राची साडेचार. मी भाव हलवला नाही, पण मावशींना म्हटलं उंडा जरा कमी घ्या. आता उंडा कमी केला तरी हाताला जी गोलाई बसलेली असते ती काही कमी होत नाही. मावशी तेवढीच मोठी पोळी लाटत राहिल्या, म्हणजे पोळी पातळ झाली. तव्यावरून उतरली की छानच लागायची, उलट जास्त मऊ. काउंटरवर कुणालाही फरक कळला नसता. फरक कळायचा दुपारी एकला, ऑफिसात डबा उघडल्यावर. पातळ पोळीतलं पाणी लवकर उडतं, कडा वातड होतात आणि घडी उलगडली की मधोमध चिरते. तिथे मी नव्हते बघायला.

तक्रार एकाचीही आली नाही. झालं असं की पहिल्या महिन्यात माझा खप वाढला. महिन्याच्या गिऱ्हाइकांपैकी एक काकू रोज १० पोळ्या न्यायच्या, त्या १२ नेऊ लागल्या. अजून तीन-चार घरांनी तेच केलं. मी खूश, वाटलं संकट टळलं. खरं म्हणजे त्यांच्या घरी पोळ्या पुरत नव्हत्या. दोन पोळ्या जास्त नेल्या की महिन्याचं बिल फुगतं, बिल फुगलं की माणूस कोपऱ्यावर विचारून बघतो. तिसऱ्या महिन्यात त्यातली दोन घरं गेली. त्यांना कोपऱ्यावरच्या स्वस्ताईने ओढलं, पण दारापर्यंत ढकललं मीच. म्हणून सांगते, नेहमीच्या घराची मागणी पाहुणा-सण नसताना एकदम दोनाने वाढली तर आनंद करण्याआधी आपला उंडा तराजूवर ठेवा.

तेव्हापासून माझ्याकडे एक सवय आहे. सकाळच्या पहिल्या घाण्यातल्या दोन पोळ्या गिऱ्हाइकाला देतो त्याच पिशवीत गुंडाळून डब्यात ठेवायच्या आणि चार तासांनी उघडायच्या. घडी उलगडून परत उलट्या बाजूने घालायची. चिरली नाही, कड दाताला ओढली नाही, तर ठीक. पीठ बदललं, गिरणीवाल्याने दळण जास्त गरम काढलं, मावशी नवी आली, सगळं या दोन पोळ्यांत दिसतं. खर्च रोजचा नऊ रुपये.

समोरच्याचा माल मी तसाच तपासते आणि तुम्हीही तपासा. वेगवेगळ्या तीन दिवशी, वेगवेगळ्या वेळी, दुसऱ्या कुणाला पाठवून दहा पोळ्या आणा. दहाही एकदम तराजूवर ठेवा, एकेक नको, एका पोळीत दोन-चार ग्रॅम इकडेतिकडे होतातच. मग तुमच्या दहा ठेवा. २०१३ साली माझ्या दहांचं वजन ३८० ग्रॅम भरलं होतं आणि त्यांच्या दहांचं २८५. भागाकार करून बघितला तर दोघांचीही शंभर ग्रॅम पोळी १५ रुपये ८० पैशांना पडत होती. मी उगाच घाबरले होते, भाव एकच होता. (हे कळलं मात्र उंडा कमी करून झाल्यावर. तराजू आधी काढला असता तर दोन घरं वाचली असती.)

तुमच्याकडे असंच निघेल असं नाही. पण जे निघेल त्यातून समोरचा कुठल्या जोरावर विकतोय ते कळेल, आणि पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे.

त्याची पोळी लहान असेल तर त्याच्याही खर्चात तीस पैशांहून जास्त बचत नाही, हे आता तुम्हाला माहीत आहे. मग उरलेले पैसे तो स्वतःच्या सुटणाऱ्या पैशांतून देतोय. गाळा स्वतःचा असेल किंवा घरच्याच बायका लाटत असतील, तर तो हे वर्षानुवर्षं करू शकतो. गाळा भाड्याचा आणि मावशी नगावर असतील, तर उद्घाटनाचा भाव आहे. मुंबईत असे गाळे लीव्ह अँड लायसन्सवर असतात आणि करारात सहसा लॉक-इन असतो, त्यामुळे पैसे बुडत असले तरी काही महिने तो हलणार नाही. ते महिने काढायची तयारी ठेवा. गल्लीतल्या इस्टेट एजंटला चहा पाजलात तर भाडं किती, डिपॉझिट किती हे कळतं.

वजन तुमच्याएवढंच आणि भाव ९ असेल, तर बहुधा यंत्र आहे. दाबून लाटणारं यंत्र आलं की हाताचे दोन रुपये निम्म्यावर येतात. यंत्राची पोळी वाईट नसते, फक्त तिला घडीचे पदर नसतात. अशा माणसाशी ठोक मालात लढू नका. कॅन्टीन, खानावळ, लग्नाची ऑर्डर, जिथे नगावर भाव बघतात, ते गिऱ्हाईक त्याच्याकडे जाणारच. मीही सोडलंय. दुःख होतं, पण त्यात सुटायचंही कमीच.

आता तुमच्या २०० पोळ्या. त्या नेमक्या कुणाच्या, हे शोधल्याशिवाय काही करू नका. वही काढा आणि दोन ढीग करा: महिन्याच्या हिशोबाची घरं आणि सुटं गिऱ्हाईक. महिन्याची घरं किती तुटली ते नावानिशी कळेल. सुट्यांचं कळत नाही, तिथे आठवडाभर सकाळ-संध्याकाळच्या विक्रीची वेगळी रेघ मारा. माझा अनुभव असा की नव्या दुकानात आधी जातं ते संध्याकाळचं सुटं गिऱ्हाईक. नोकरीवरून उतरलेली, भाड्याने एकत्र राहणारी मुलं, ज्यांना आत्ता गरम खायचंय. त्यांना चार तासांनी पोळी कशी राहते याच्याशी देणंघेणं नाही आणि तीन रुपयांचा फरक त्यांना खरंच लागतो. सकाळचा डबा नेणारा वर्ग उशिरा हलतो, आणि हलला की सहज परत येत नाही. संध्याकाळच्या दीडशे गेल्या असतील तर तुमचं दुखणं वरवरचं आहे. सकाळच्या घरांतली गळती असेल, तर भावाचा विचार नंतर, आधी स्वतःची पोळी तपासा.

संध्याकाळच्या त्या मुलांसाठी मी जे केलं ते असं. घडीच्या पोळीला हात लावला नाही, तिच्या शेजारी फुलका ठेवला. ३० ग्रॅमचा उंडा, घडी नाही, आत तेल नाही, वेगळं नाव, वेगळा भाव, आणि पाटीवर दोघांचं कणकेचं वजन. लहान पोळी आणि फुलका यांत पिठाचा फरक फार नाही, पण एकात आपण गुपचूप कमी देतो आणि दुसऱ्यात सांगून कमी देतो. गिऱ्हाईक स्वतः निवडतं, म्हणून त्याला फसल्यासारखं वाटत नाही.

फुलक्यातही एक खड्डा आहे. तुमच्याकडे ८ रुपयांचा फुलका ठेवलात तर खर्च सव्वातीनच्या आसपास येईल, म्हणजे पावणेपाच सुटतील. नवं किंवा परत आलेलं गिऱ्हाईक तो घेत असेल तर पावणेपाच रुपये मिळाले. पण जे घडीची पोळी घेणारच होतं ते फुलक्यावर सरकलं, तर प्रत्येक नगामागे पावणेतीन गेले. शंभर फुलक्यांपैकी साठ-त्रेसष्ट जुन्याच पोळीवाल्यांनी घेतले की सगळी मेहनत पाण्यात. म्हणून मी फुलका फक्त संध्याकाळी सातनंतर ठेवते, सकाळी नाही. आणि पहिले दोन आठवडे रोज बघत होते की फुलका सुरू झाल्यावर संध्याकाळची घडीची पोळी किती घटली. तिची घट फुलक्याच्या निम्म्यात राहिली, तेव्हा चालू ठेवला. तुमच्याकडे घट जास्त दिसली तर बिनदिक्कत बंद करा, लाज कसली.

सकाळच्या घरांना मात्र स्वस्ताई दाखवून उपयोग नाही. त्यांना काय हवंय ते माझ्या लक्षात यायला बरीच वर्षं लागली. त्यांना पोळी ७ वाजून १० मिनिटांनी हवी असते, सव्वासातला नको, कारण लोकल चुकते. एकदा एक बाई माझ्या काउंटरवर चार मिनिटं उभ्या राहिल्या आणि पोळ्या न घेता निघून गेल्या. त्या रागावल्या नव्हत्या, त्यांची गाडी होती. दुसऱ्या दिवसापासून महिन्याच्या घरांच्या पिशव्या आम्ही आदल्या रात्री नाव घालून ठेवतो, पोळ्या सात वाजता त्यात पडतात, पैशाचा विषय काउंटरवर निघतच नाही. समोरचा किती वाजता शटर उघडतो ते बघा. आठला उघडत असेल तर सकाळी तो तुमचा स्पर्धकच नाही. त्या वेळात एकही पिशवी उशिरा जाऊ देऊ नका. एक सकाळ चुकली की माणूस नवी जागा शोधतो, आणि आता ती त्याला रस्त्यापलीकडे दिसते.

जाता जाता, खर्च कुठे कापावा. गिऱ्हाइकाच्या तोंडात जात नाही तिथे. तवा रिकामा तापत राहतो तो गॅस, पावसाळ्यात सादळून टाकावं लागणारं पीठ, रात्री उरलेल्या पोळ्या. आम्ही संध्याकाळी पोळ्या आधी करून ठेवणं थांबवलं आणि नऊच्या सुमारास एक तवा बंद करू लागलो, फुकट जाणाऱ्या पोळ्या दिवसाला तीसवरून दहाच्या आत आल्या. तुमच्या खर्चाने तेवढ्यात नव्वद रुपये वाचतात. उंडा लहान करून वाचणारे १०५ इथे जवळपास पूर्ण मिळाले आणि पोळीला धक्का नाही.

अजून एक, आणि ही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तुम्ही सगळे भावाकडे बघताय. नव्या माणसाला गिऱ्हाइकापेक्षा आधी लागतात चांगल्या लाटणाऱ्या बायका. त्या जाहिरात देऊन मिळत नाहीत, समोरच्या दुकानातून मिळतात. नगाला चार आणे जास्त सांगितले की मावशी विचारात पडते, तिचं चुकत नाही. तुमचा खप ७०० वर आलाय म्हणजे नगावर काम करणाऱ्या मावशींची कमाईही घटली आहे, हे लक्षात आलंय का? रोज २०० पोळ्यांचे दोन रुपये, म्हणजे सगळ्यांचे मिळून ४०० रुपये कमी. भाव उतरवण्याच्या विचारात आहात तर त्यातला थोडा भाग इथे खर्च करा. मी त्या महिन्यांत किमान कमाई ठरवून दिली होती: खप कितीही उतरला तरी अमुक पोळ्यांचे पैसे पक्के. तुमच्याकडे ८०० चे ठरवलेत तर आजच्या खपावर दिवसाला २०० रुपये जास्त जातील. भाव ९ केल्यावर जाणाऱ्या १,२०० पुढे हे काहीच नाही. मावशी गेली तर १२ रुपयांची पोळी तुमच्याकडे राहतच नाही, फक्त १२ रुपये राहतात.

काउंटरवर कुणी म्हणेलच, "समोर ९ ला मिळते." आईंना सांगा, समोरच्याच्या मालाबद्दल एक शब्द काढायचा नाही. मी म्हणते, "हो, मिळते. आमची ४५ ग्रॅम कणकेची आहे, घडीची. किती देऊ?" आणि थांबते. बहुतेक जण आकडा सांगतात. काही जातात. गेलेला परत आला तर "काय, आवडली नाही का तिथली?" हे आईंच्या अगदी ओठावर येईल, माझ्याही आलं होतं. तेवढं गिळायचं.

आणि ५४० च्या खाली खरंच गेलात तर? तेही होऊ शकतं, विशेषतः समोर यंत्र असेल आणि पोळी बरी असेल तर. तरीसुद्धा ९ करू नका, कारण तो आठ करेल. तेव्हा भाव नव्हे, केंद्राचा आकार बघावा लागेल: संध्याकाळचा एक तवा कायमचा बंद, गाळ्याचा अर्धा भाग दुसऱ्याला, किंवा पोळीऐवजी भाजी-उसळीवर भर. ते वेगळं गणित आहे आणि त्यासाठी तुमच्या भाड्याचा आकडा लागेल. आजच त्यात शिरण्याचं कारण नाही.

त्या २०१३ च्या गोष्टीचा शेवट राहिला. तराजूवर बघितल्यावर मी उंडा पुन्हा ४५ चा केला, गाजावाजा न करता, आणि मावशींना एक वाटी दिली, तिच्यात मावेल तेवढाच उंडा. तीन आठवड्यांनी त्या काकू आल्या, पिशवी उचलली आणि म्हणाल्या, "उद्यापासून दहाच दे गं, बारा उरतात." दिवसाला १२ रुपयांचा धंदा गेला. मी वहीत १२ खोडून १० लिहिलं आणि त्या अजूनही १० च नेतात.